चक्रवाढ व्याज तोंडी समजावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या मुलामुलींसमोर उभं राहून बचतीबद्दल बोलायचं आहे आणि चक्रवाढ व्याज समजावायचं आहे, अशांसाठी हे पान आहे. कागदावर वाचणारा माणूस मागची ओळ पुन्हा पाहू शकतो, ऐकणाऱ्याला तशी सोय नसते. एकदा निसटलेला आकडा त्याच्यासाठी गेला तो गेलाच. म्हणून इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण ठेवलं आहे आणि त्याचे आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. बोलतानाही हेच करावं.

उदाहरण कोणतं घ्यावं?

मुद्दल १०,००० रुपये. व्याजाचा दर दर साल दर शेकडा ८. मुदत ९ वर्षं. व्याज वर्षातून एकदा, वर्षाच्या शेवटी, मुद्दलात मिळवलं जातं. एवढंच. दहा हजार, आठ टक्के, नऊ वर्षं.

हे आकडे सहज निवडलेले नाहीत. या हिशोबात नवव्या वर्षाच्या शेवटी १९,९९० रुपये होतात, म्हणजे वीस हजारांना फक्त दहा रुपये कमी. तोंडी बोलताना याचा फार उपयोग होतो, कारण "नऊ वर्षांत दुप्पट" असं बिनदिक्कत म्हणता येतं आणि पुढचा सगळा हिशोब दुपटीच्या भाषेत चालतो. पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा १० टक्के घेतात, कारण गुणाकार सोपा जातो: ११,०००, मग १२,१००, मग १३,३१०. पण १० टक्क्यांनी दुप्पट व्हायची वेळ सातव्या आणि आठव्या वर्षाच्या मध्येच कुठेतरी येते. सांगायला धड आकडा हाती लागत नाही. ८ आणि ९ ची जोडी इतकी नेमकी बसते की ती सोडू नये.

एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटातच स्पष्ट सांगावी: ८ टक्के हा हिशोबासाठी घेतलेला दर आहे. कुणी तो देणारच आहे, असं नाही. हे सांगायचं राहिलं तर मुलं तोच आकडा घरी जाऊन शोधू लागतात.

सुरुवात सूत्राने करावी का?

नको. A = P(1 + R/100)^N हे सूत्र त्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. फळ्यावर ते दिसलं की परीक्षेची आठवण जागी होते आणि कान बंद होतात. सूत्र शेवटी आणा, तेही ज्यांना हवं त्यांच्यासाठी. आधी पहिली तीन वर्षं रुपयांत बोलून दाखवा.

पहिली तीन वर्षं नेमकी कशी बोलायची?

इथे घाई करू नये. पुढचं सगळं या तीन वर्षांवर उभं आहे. साधारण असं बोलता येईल:

"दहा हजार रुपये ठेवले. आठ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज किती? आठशे. आपण ते काढून घेतलं नाही. आता आत किती आहेत? दहा हजार आठशे. दुसरं वर्ष सुरू झालं. आता व्याज कशावर धरायचं? दहा हजारांवर की दहा हजार आठशेंवर?"

इथे थांबा. उत्तर मुलांकडून येऊ द्या. ते आलं की पुढे जा:

"दहा हजार आठशेंवर. त्याचे आठ टक्के म्हणजे आठशे चौसष्ट. हे आठशे चौसष्ट फोडून पाहू. आठशे आले मूळच्या दहा हजारांवर, आणि चौसष्ट आले गेल्या वर्षीच्या आठशेंवर. हे चौसष्ट रुपये म्हणजे व्याजावरचं व्याज."

चौसष्ट हा आकडा दोन-तीनदा उच्चारा. सगळी संकल्पना त्यात आहे. दुसऱ्या वर्षाअखेर आत ११,६६४ झाले. तिसऱ्या वर्षाचं व्याज ९३३ रुपये १२ पैसे. तेही तसंच फोडा: ८०० मूळच्या दहा हजारांवर आणि १३३ रुपये १२ पैसे साठलेल्या व्याजावर. बोलताना पैसे गाळून "एकशे तेहेतीस" म्हटलं तरी चालतं.

आता तीनही वर्षं एका दमात सांगा: "मूळच्या रकमेवर आठशे, आठशे, आठशे. व्याजावरचं व्याज शून्य, चौसष्ट, एकशे तेहेतीस." पहिली रांग जागची हलत नाही, दुसरी वाढत जाते, हे कानालाही कळतं. आठशेंची ती रांग म्हणजे सरळव्याज. दोन्ही रांगा मिळून चक्रवाढ व्याज. व्याख्या वेगळी द्यावीच लागत नाही.

मराठी आकडे भरभर बोलले की इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा "चौसष्ट" आणि "शेहेचाळीस" यांत गोंधळ होतो. महत्त्वाचा आकडा बोलल्यावर तो फळ्यावर लिहा, किंवा लगेच "सिक्स्टी फोर" म्हणून पुन्हा सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

बर्फाचा गोळा, झाड अशी उपमा द्यावी का?

शक्यतो टाळावी. उपमा ऐकून मुलं मान डोलावतात, पण घरंगळत मोठा होणारा गोळा डोळ्यांसमोर आला म्हणून चौसष्ट रुपये कुठून आले हे कळत नाही. वर्गातून बाहेर पडताना लक्षात गोळा राहतो, हिशोब राहत नाही.

सगळी नऊ वर्षं वाचून दाखवावीत का?

नाही. नऊ रकमा ओळीने वाचल्या तर पाचव्यापर्यंत कुणाचं लक्ष राहत नाही. तीन वर्षं तपशिलात सांगितल्यावर थेट नवव्यावर उडी मारा. सांगायचे आकडे दोनच: नवव्या वर्षी, फक्त त्या एका वर्षाचं व्याज जवळपास १,४८१ रुपये आहे, आणि वर्षअखेर आत १९,९९० आहेत.

मग पहिल्या वर्षाची आठवण करून द्या. दर तोच, आठ टक्के. खिशातून नवा रुपया घातलेला नाही. तरी पहिल्या वर्षी ८०० मिळाले आणि नवव्या वर्षी १,४८१. ज्याला मधली वर्षं पडताळायची असतील त्याने मोबाईलवर दहा हजारांना १.०८ ने नऊ वेळा गुणावं. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांसाठी एक ओळ पुरते:

```
=10000*1.08^9
```

शाळेतलं सूत्र आणायचं असेल तर ते इथे आणा. "दर वर्षी एक पॉइंट शून्य आठने गुणायचं" हे नऊ वेळा करून झाल्यावर कंसावरचा घात म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

नऊ वर्षांच्या पुढे काय सांगायचं?

पुढचं सोपं आहे आणि ऐकायला सगळ्यात रंगतदारही. दर नऊ वर्षांनी दुप्पट. वेग मात्र संथ ठेवा:

"आज दहा हजार. नऊ वर्षांनी वीस हजार. अठरा वर्षांनी चाळीस हजार. सत्तावीस वर्षांनी ऐंशी हजार. छत्तीस वर्षांनी एक लाख साठ हजार."

नेमका हिशोब केला तर छत्तीसाव्या वर्षाअखेर १,५९,६८२ रुपये येतात. म्हणजे गोळाबेरीज फार दूर गेलेली नाही. याच छत्तीस वर्षांत सरळव्याज किती झालं असतं? दर वर्षी ८००, छत्तीस वेळा, म्हणजे २८,८००. मुद्दल धरून ३८,८००.

हे दोन आकडे शेजारी ठेवून थोडा वेळ काही बोलू नका: ३८,८०० आणि १,५९,६८२. आणि लगेच पुन्हा नऊ वर्षांवर या, कारण तिथला फरक एवढा नव्हता: सरळव्याजाने १७,२००, चक्रवाढीने १९,९९०, म्हणजे अंतर २,७९० रुपये. चक्रवाढ सुरुवातीला जवळपास दिसत नाही, ही गोष्ट मुलांना ऐकवायलाच हवी. दोन-तीन वर्षं बचत करून "काहीच वाढलं नाही" म्हणत सोडून देणारा माणूस हिशोबात चुकलेला नसतो. पहिल्या तीन वर्षांत व्याजावरचं व्याज एकूण १९७ रुपये झालेलं असतं. त्याला दिसलेलं खरंच होतं.

७२ चा नियम सांगावा का?

सांगावा, पण जपून. नियम असा: ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की साधारण किती वर्षांत दुप्पट होईल ते मिळतं. ७२ भागिले ८, उत्तर ९. आपलं उदाहरण त्यात चपखल बसतं. ६ टक्के असेल तर १२ वर्षं, १२ टक्के असेल तर ६ वर्षं.

गडबड अशी की आपल्याच उदाहरणात ७२ हा आकडा आणखी एका वाटेने येतो. आठ टक्के, नऊ वर्षं, आठ नव्वे बहात्तर. सरळव्याजाने नऊ वर्षांत ७२ टक्के वाढ होते, म्हणजे ७,२०० रुपये. ऐकणाऱ्याच्या डोक्यात हे दोन बहात्तर एकमेकांत मिसळतात, आणि मग "नऊ वर्षांत ७२ टक्के वाढतं ना?" असा प्रश्न येतो. प्रश्न आला तर बरंच आहे, कारण तेव्हाच उलगडून सांगता येतं. सरळव्याजाने ७२ टक्के. चक्रवाढीने जवळजवळ पूर्ण १०० टक्के. मधले २८ टक्के म्हणजेच ते २,७९० रुपये, व्याजावरचं व्याज. प्रश्न आला नाही तर तुम्ही स्वतःच काढा.

नियमाची मर्यादाही एका वाक्यात सांगून टाका. तो अंदाज आहे, ८ टक्क्यांच्या आसपास सगळ्यात नेमका. दर फार कमी किंवा फार जास्त झाला की तो थोडा सरकतो.

दर वर्षी व्याज काढून घेतलं तर?

तर चक्रवाढ संपली. दर वर्षी ८०० रुपये हातात घेतले, तर आत कायम दहा हजारच राहतात आणि पुढच्या वर्षीही ८०० च मिळतात. नऊ वर्षांत हाती ७,२०० आले आणि मुद्दल दहा हजार. ठेव चक्रवाढीची आहे की नाही हे दरावरून ठरत नाही, व्याज आत राहतं की बाहेर येतं यावरून ठरतं. कित्येक ठेवींमध्ये व्याज ठरावीक काळाने खात्यात जमा करून घ्यायचा पर्याय असतो आणि तो निवडलेला आहे हे ठेवणाऱ्याच्या लक्षातही नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: पावतीवरची मुदतअखेरची रक्कम पाहायची. दहा हजारांच्या नऊ वर्षांच्या ठेवीवर ती दहा हजारच लिहिली असेल, तर व्याज बाहेर जातंय. १९,९९० किंवा त्याच्या आसपास असेल, तर ते आत राहतंय.

गरज म्हणून व्याज काढून घेणं चूक नाही. फक्त ते काढत असताना मनात १९,९९० धरून बसू नये.

"नंतर सुरू करू, आत्ता पैसे कुठे आहेत" याला काय उत्तर द्यायचं?

उपदेश नको, दुपटीची शिडी पुन्हा म्हणा. दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एक लाख साठ. आता विचारा: "नऊ वर्षं उशिरा सुरू केलं, तर यातली कोणती पायरी जाईल?"

बहुतेक जण पहिली सांगतात, दहाचे वीस होण्याची. त्यांच्या हिशोबाने तोटा दहा हजारांचा. पण उशिरा सुरू करणाऱ्यालाही दहाचे वीस होण्याची पायरी चढावीच लागते, तिथूनच तर सुरुवात होते. छत्तीस वर्षांऐवजी त्याच्याकडे सत्तावीस वर्षं उरली. तो ऐंशी हजारांवर थांबतो. गेली ती शेवटची पायरी, ऐंशीचे एक लाख साठ होण्याची. तोटा ऐंशी हजारांचा.

या पूर्ण विषयात सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी ही निवडेन. लवकर सुरू केल्याचा फायदा सुरुवातीला मिळत नाही, शेवटी मिळतो. विशीतल्या मुलांना तो का जाणवत नाही, याचं कारणही हेच आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडा. ज्याच्याकडे आज खरोखर शिल्लक नाही, त्याने फी किंवा औषधाचा खर्च टाळून बचत करावी, असं या हिशोबातून निघत नाही.

एकदम दहा हजार कुणाकडे असतात? हप्त्याहप्त्याने ठेवले तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि इथे एक मोठी चूक दबा धरून बसलेली असते. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला दहा हजार ठेवले, अशी नऊ वर्षं. खिशातून गेले ९०,०००. "नऊ वर्षांत दुप्पट" कानात बसलेलं असतं, म्हणून पटकन उत्तर येतं: एक लाख ऐंशी हजार.

तसं होत नाही. नऊ वर्षं मिळाली ती फक्त पहिल्या हप्त्याला. त्याचे १९,९९० झाले. दुसऱ्या हप्त्याला आठच वर्षं मिळाली, त्याचे १८,५०९. असं उतरत उतरत शेवटच्या हप्त्याला एकच वर्ष मिळालं, त्याचे १०,८००. सगळे मिळून १,३४,८६६ रुपये. ९०,००० वर साधारण ४५,००० व्याज.

बोलताना एवढंच ठसवा: प्रत्येक हप्ता म्हणजे स्वतंत्र दहा हजारांची ठेव, आणि प्रत्येकीची मुदत वेगळी. महिन्याला पाचशे ठेवणाऱ्यालाही हेच लागू पडतं, हप्ते लहान आणि जास्त असतात इतकंच. पहिल्या महिन्याचे पाचशे नऊ वर्षं वाढतात, शेवटच्या महिन्याचे जेमतेम एक महिना. हप्त्याच्या योजनेत "एवढे भरा, एवढे मिळवा" असं सांगितलं जातं, तेव्हा मिळणाऱ्या रकमेला भरलेल्या रकमेने भागून दर काढू नये. सरासरी हप्ता मुदतीच्या साधारण अर्ध्या काळच आत असतो.

व्याज तिमाही किंवा दर महिन्याला मिळवलं तर खूप फरक पडतो का?

वाटतो तेवढा नाही. तिमाही म्हणजे आठ टक्क्यांचे चार भाग, दर तीन महिन्यांनी दोन टक्के. दहा हजारांचे वर्षाअखेर १०,८०० ऐवजी १०,८२४ होतात. नऊ वर्षांनी १९,९९० ऐवजी २०,३९९. दर महिन्याला मिळवलं तर २०,४९५.

मग कुणीतरी विचारतंच: दर दिवशी मिळवलं तर? दर सेकंदाला? सतराव्या शतकात याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाने नेमका हाच प्रश्न धरून हिशोब केला. त्यातून गणिताला e ही संख्या भेटली, साधारण २.७१८. उत्तर असं की वाढीला मर्यादा आहे. आपल्या उदाहरणात व्याज अक्षरशः क्षणाक्षणाला मिळवलं, तरी नऊ वर्षांनी रक्कम २०,५४४ च्या पुढे जात नाही. विज्ञान शाखेची मुलं समोर असतील तर इथे थोडं रेंगाळा. त्यांना e माहीत असतो, पण तो व्याजाच्या हिशोबातून आला हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

हेच कर्जाला लागू होतं का?

होतं, आणि तिथे वेग जास्त असतो. दहा हजारांचं देणं आहे आणि व्याज महिन्याला दोन टक्के. "फक्त दोन टक्के" ऐकायला आपल्या आठपेक्षा बरं वाटतं. पण आठ टक्के वर्षाचे आहेत, हे दोन महिन्याचे.

काहीच फेडलं नाही आणि व्याज थकबाकीत मिसळत गेलं, तर छत्तीस महिन्यांनी हे देणं २०,३९९ होतं. हा आकडा आत्ताच ऐकला होता. तिमाही दोन टक्क्यांनी छत्तीस तिमाहींत, म्हणजे नऊ वर्षांत, आपली ठेव इथे पोहोचली होती. कर्ज तिथेच छत्तीस महिन्यांत, म्हणजे तीन वर्षांत पोहोचतं. गणित तेच, पावलंही छत्तीसच, फक्त एक पाऊल तीन महिन्यांचं आणि दुसरं एका महिन्याचं.

महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, असंही मुलं म्हणतात. व्याज दर महिन्याला मिसळत असेल तर ते वर्षाला २६.८ टक्के होतात. दर सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: महिन्याचा की वर्षाचा?

असं कर्ज डोक्यावर असताना आठ टक्क्यांच्या बचतीची शिडी म्हणून दाखवू नका. आधी कर्ज.

ठरलेलं व्याज नसेल, परतावा वर-खाली होत असेल तर?

तेव्हा "सरासरी आठ टक्के" या शब्दांपासून सावध राहायला शिकवा. पहिल्या वर्षी ३० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी १४ टक्के घट. सरासरी बरोबर आठ. आता दहा हजार चालवून पाहा. पहिल्या वर्षाअखेर १३,०००. दुसऱ्या वर्षी त्यातले १४ टक्के गेले, म्हणजे १,८२०. उरले ११,१८०. स्थिर आठ टक्क्यांनी दोन वर्षांत ११,६६४ झाले होते. सरासरी तीच, पण ४८४ रुपये कमी. घट वाढलेल्या रकमेवर बसते, किंवा क्रम उलटा असेल तर वाढ घटलेल्या रकमेवर होते, म्हणून चढउतार जितके मोठे तितकी ही तूट मोठी. चढत्या-उतरत्या परताव्याची तुलना करायची असेल तर साधी सरासरी बाजूला ठेवून चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर पाहावा. या दोन वर्षांसाठी तो ५.७ टक्के येतो.

खर्चाचंही तसंच. दर वर्षी एक टक्का शुल्क कापलं जात असेल आणि आठचे सात राहत असतील, तर नऊ वर्षांनी १९,९९० ऐवजी १८,३८५ होतात. ते फार वाटत नाही. छत्तीस वर्षांनी मात्र १,५९,६८२ ऐवजी १,१४,२३९. एका टक्क्याने पंचेचाळीस हजार नेले.

महागाईचं काय?

तिला वगळून बोलणं खोटं ठरेल. समजा वस्तूंचे भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत आहेत. महागाईलाही चक्रवाढच लागू असते, कारण दर वर्षीची वाढ गेल्या वर्षीच्या भावावर होते. नऊ वर्षांनी आपल्याकडे १९,९९० असतील, पण त्यातून आजच्या साधारण ११,८०० रुपयांएवढंच घेता येईल. रक्कम दुप्पट, खरेदीची ताकद १८ टक्क्यांनी जास्त. व्याजावर कर भरावा लागत असेल तर त्याहूनही कमी.

हे शेवटी सांगा, सुरुवातीला नको. आधी सांगितलं तर दुपटीवर विश्वास बसण्याआधीच ती मोडते, आणि मुलांच्या हाती दोन्हींपैकी काहीच लागत नाही.

मुलांना खरंच कळलं का, हे कसं ओळखायचं?

"कळलं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर चुकीचं आलं तर ते नेमकं कोणतं आलं ते पाहा.

पहिला प्रश्न, शिडी म्हणण्याआधी: "नऊ वर्षांत दहाचे वीस झाले. अठरा वर्षांत किती होतील?" "तीस हजार" म्हणणारा अजून सरळव्याजात विचार करतोय, दर नऊ वर्षांनी दहा हजार मिळवतोय. त्याला पुन्हा दुसऱ्या वर्षावर न्या, आठशे अधिक चौसष्ट. "चाळीस हजार" म्हणणाऱ्याला गुणाकार समजला आहे.

दुसरा प्रश्न सगळ्यात शेवटी: "नऊ वर्षांत दुप्पट होते. मग निम्म्या वेळात, साडेचार वर्षांनी, किती झाले असतील?" चांगली समज आलेली मुलंही इथे "पंधरा हजार" म्हणतात. उत्तर त्याहून कमी आहे, साधारण १४,१४०. चौथ्या वर्षाअखेर १३,६०५ होते आणि पाचव्या वर्षाअखेरही १४,६९३ च, म्हणजे पंधरा हजारांचा टप्पा पाच वर्षं उलटून गेल्यावर येतो. कारण तेच: मिळणाऱ्या ९,९९० पैकी मोठा वाटा मुदतीच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो. एखाद्याने हिशोब न करता "पंधरापेक्षा कमी असणार" एवढं म्हटलं, तरी ते उत्तर पूर्ण बरोबर धरावं.